शंभर मिलिलिटरमधून एकोणीस कुप्या

पुण्यातल्या एका घरातल्या टेबलावर परफ्यूमची १०० मिलिलिटरची सीलबंद बाटली ठेवलेली आहे. तिच्यातून ५ मिलिलिटरच्या छोट्या कुप्या भरून विकायच्या आहेत, म्हणजेच डिकँट करायचे आहेत. महागडी अख्खी बाटली घेण्याआधी तो सुगंध काही दिवस अंगावर वापरून पाहता यावा, म्हणून लोक असे डिकँट घेतात. मात्र कुपी हाती आली की ग्राहकाला मूळ बाटली, तिचे खोके किंवा सील यांपैकी काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच कुपीत जे आहे ते कुठून आले हे दाखवून देण्याची जबाबदारी पूर्णपणे विक्रेत्याची ठरते.

ही जबाबदारी खरेदीपासूनच सुरू होते. बाटली अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यावी. खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे सील तोडतानाच पाहून दोन्हींचे छायाचित्र ठेवावे. क्रमांक जुळला म्हणजे माल अस्सल ठरला असे नाही, कारण नक्कल करणारे क्रमांकही छापतात आणि पारदर्शक वेष्टन पुन्हा चढवता येते. न जुळल्यास मात्र ती बाटली विक्रीसाठी वापरूच नये. कोणाची अर्धी वापरलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्यात मध्यंतरी काय मिसळले गेले हे तपासण्याचे साधन छोट्या विक्रेत्याकडे नसते.

आता भरणीकडे वळू. बहुतेक बाटल्यांचा स्प्रेयर धातूच्या कडीने दाबून बसवलेला असतो. तो पकडीने उपटण्याऐवजी वरचे बटण काढून नळीवर लहान जोडणी बसवतात आणि तिच्यातून परफ्यूम सिरिंजमध्ये किंवा थेट कुपीत उतरवतात. यामुळे उरलेल्या द्रवाला हवा कमी लागते. हवेतल्या प्राणवायूने लिंबूवर्गीय सुगंधातील घटक लवकर बिघडतात, त्यामुळे एकदा फोडलेली बाटली महिनोन्‌महिने थोडी थोडी वापरत राहणे योग्य नाही.

स्वच्छतेबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो, तो म्हणजे मुख्य धोका जंतूंचा असतो. प्रत्यक्षात तसे नाही. परफ्यूममध्ये अल्कोहोलचे प्रमाण इतके जास्त असते की त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. खरा धोका असतो तो धूळ, पाणी आणि आधीच्या सुगंधाचा अंश यांचा. धुतलेल्या कुपीत पाण्याचे थेंब राहिले तर परफ्यूम गढूळ होऊ शकते, आणि ऊद किंवा कस्तुरीसारखा जड सुगंध सिरिंजच्या रबरात मुरून पुढच्या कुपीत उतरतो. म्हणून कुप्या नव्या आणि काचेच्या असाव्यात, प्रत्येक परफ्यूमसाठी वेगळी सिरिंज असावी आणि परत आलेली कुपी पुन्हा कधीही भरू नये.

माप डोळ्यांनी ठरवू नये. परफ्यूम पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ५ मिलिलिटरचे वजन ५ ग्रॅम भरत नाही. सिरिंजने नेमके १० मिलिलिटर काढून त्याचे वजन करावे. ते ८.५ ग्रॅम भरले तर प्रत्येक कुपीत ४.२५ ग्रॅम हवे. कुपी काठोकाठही भरू नये, कारण उन्हाळ्यात अल्कोहोल प्रसरण पावते आणि प्रवासात गळती होते.

समजा बाटली ९,५०० रुपयांना पडली. २ मिलिलिटर नमुना म्हणून राखून ठेवले आणि ३ मिलिलिटर नळीत व सिरिंजमध्ये गेले, तर ९५ उरतात, म्हणजे १९ कुप्या होतात आणि प्रत्येकीतल्या द्रवाचाच खर्च ५०० रुपये येतो. कुपी, लेबल, खोके आणि श्रम यांचा खर्च त्यावर चढतो. हिशेबात विसावी कुपी बसवायचा मोह होतो, आणि माप कमी पडते ते नेमके तिथेच.

लेबलावर परफ्यूमचे नाव, निव्वळ माप, भरल्याचा महिना व वर्ष, किंमत, भरणाऱ्याचे नाव व पत्ता आणि ज्वलनशील असल्याची सूचना असावी. मूळ कंपनीचे बोधचिन्ह लावू नये. उलट ‘मूळ बाटलीतून स्वतंत्रपणे भरलेले, कंपनीशी संबंध नाही’ असे स्पष्ट लिहावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात विक्रीसाठी माल फोडणे आणि पॅक करणे हेही ‘उत्पादना’त मोडते, मात्र किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या ओघातले पॅकिंग त्यातून वगळलेले आहे. आपले काम यांपैकी कशात बसते, हे अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारूनच पहिली विक्री करावी.

प्रत्येक लेबलावर लॉट क्रमांक असतो आणि वहीत त्याच क्रमांकासमोर बिल, बॅच क्रमांक, भरणीची तारीख व खरेदीदार यांची नोंद असते. एखाद्या ग्राहकाने सुगंध वेगळा वाटत असल्याचे कळवले, तर त्याची कुपी परत मागवून ती आणि राखून ठेवलेला नमुना वेगवेगळ्या कागदी पट्ट्यांवर फवारावेत आणि तासाभराने, मग पुन्हा चार तासांनी हुंगून पाहावेत. दोन्ही सारखे असतील, तर ग्राहकाला तसे कळवून बिलाची आणि बॅच क्रमांकाची छायाचित्रे पाठवावीत. फरक आढळला, तर त्याचे पैसे परत करावेत आणि त्याच लॉटमधल्या उरलेल्या अठराही खरेदीदारांना स्वतःहून कळवावे.