उलटा वक्र आणि घाईची विक्री

(ठाण्यात, नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

२०२३ साली ठेव नूतनीकरणासाठी बँकेत गेलेल्यांना एक गोष्ट नक्की खटकली असेल. स्टेट बँक ४०० दिवसांच्या ठेवीवर ७.१० टक्के देत होती, आणि पाच ते दहा वर्षांच्या ठेवीवर ६.५० टक्के. पैसे जास्त काळ अडकवायचे आणि व्याज कमी घ्यायचे, असे का? कारण आजचे चढे दर पुढे टिकणार नाहीत असे बँकेला वाटत होते. मग ती दहा वर्षांसाठी कशाला बांधून घेईल?

सरकारी रोख्यांचा परतावा मुदतीनुसार मांडला की जो वक्र मिळतो तो यील्ड कर्व्ह. त्या बाजारात असेच घडते, म्हणजे कमी मुदतीचा परतावा जास्त होतो, तेव्हा तो उलटा झाला असे म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी बहुधा दोन वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा शेजारी ठेवून पाहतात. दोन वर्षांचा परतावा फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, दराच्या मागे धावतो. दहा वर्षांच्या परताव्यात पुढच्या सगळ्या वर्षांचा अंदाज मिसळलेला असतो. तेव्हा वक्र उलटा झाला म्हणजे रोखेबाजार एवढेच सांगतो, की पुढे, बहुधा मंदीमुळे, दर कमी करावे लागतील. कधी, हे तो सांगत नाही. आणि शेअर विकणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

एक तारीख घेऊ : २७ डिसेंबर २००५. जून २००४ मध्ये एक टक्क्यावर असलेला फेडचा दर तोवर सव्वाचार टक्क्यांवर आला होता, पण दहा वर्षांचा परतावा फारसा हलला नव्हता. त्या दिवशी दोन वर्षांचा परतावा त्याच्या वर गेला. अमेरिकेचा शेअर निर्देशांक एस अँड पी ५०० तेव्हा १,२५७ च्या आसपास होता. आपला सेन्सेक्स त्या वर्षअखेरीला ९,४०० च्या जवळ.

समजा, ही बातमी वाचून ठाण्यातल्या एखाद्याने आपले सगळे शेअर विकले. १० मे २००६ ला सेन्सेक्स १२,६१२ वर बंद झाला, तेव्हा तो हळहळला असेल. १४ जूनला ८,९२९ पाहून त्याला वाटले असेल, बरोबर ओळखले. पण ती मंदी नव्हतीच. बाजार वळला आणि जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ओलांडले. एस अँड पी ९ ऑक्टोबर २००७ ला १,५६५ वर पोहोचला होता. म्हणजे इशारा मिळाल्यानंतर अमेरिकेचा निर्देशांक आणखी २४ टक्के चढला, आणि आपला दुपटीहून वर गेला.

मग ९ मार्च २००९ आला. एस अँड पी ६७७ आणि सेन्सेक्स ८,१६०. दोन्ही त्या डिसेंबरच्या पातळीच्या खाली. इशारा खरा ठरला होता! पण मधली सव्वातीन वर्षे, आजूबाजूला सगळे कमावत असताना, हातात रोकड धरून कोण बसेल? मी असे विकून बसलेले लोक पाहिले आहेत. ते वर, अगदी शिखराजवळ परत शिरतात. उलट्या वक्राने होणारे नुकसान बहुतेक वेळा असे होते.

याच प्रकरणातली दुसरी खूण मला जास्त उपयोगी वाटते. जून २००७ मध्ये वक्र पुन्हा सरळ झाला. लोकांना हायसे वाटले. पण ऑगस्टपासून दोन वर्षांचा परतावा भराभर घसरू लागला, सप्टेंबरमध्ये फेडने दर कापला, आणि मंदीची सुरुवात नंतर डिसेंबर २००७ अशी नोंदली गेली. म्हणून वक्र सरळ होतो तेव्हा कोणते टोक हलले ते पाहावे. लांबचे टोक, म्हणजे दहा वर्षांचा परतावा, वर गेले तर वाढीची किंवा महागाईची अपेक्षा असू शकते. जवळचे, दोन वर्षांचे टोक कोसळले तर कुठेतरी काही मोडते आहे अशी शंका घ्यायला जागा असते.

मात्र यालाही २०२२ चे प्रकरण पुरते बसत नाही. जुलै २०२२ मध्ये उलटा झालेला वक्र दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला तो सरळ झाला, तोही जवळचे टोक घसरूनच. तोवर एस अँड पी ३,८३० वरून ५,५०० वर, आणि निफ्टी १५,८०० वरून २५,००० वर गेला होता. मधल्या काळात अमेरिकेत मंदी नोंदली गेली नाही. एक कारण असे, की तिथल्या असंख्य कुटुंबांनी २०२०-२१ मध्ये तीस वर्षांची गृहकर्जे तीन टक्क्यांच्या आसपास, स्थिर दराने घेतली होती. फेडने दर वाढवले तरी त्यांचा हप्ता वाढला नाही. आपल्याकडे रेपो दर वाढला की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या कर्जाची मुदत लगेच लांबते, तसे तिथे झाले नाही. शिवाय फेडने आधी प्रचंड रोखे खरेदी केलेले असल्याने लांबच्या मुदतीचा परतावा मुळातच दबलेला होता. वक्र सहज उलटायला तेवढे पुरे होते.

पुढच्या वेळी बातमी आली, तर निर्देशांकाच्या आलेखावर एक नव्हे, तीन उभ्या रेषा मारा : वक्र उलटला तो दिवस, सरळ झाला तो दिवस, आणि फेडने पहिली कपात केली तो दिवस. २००५ ते २००७ च्या आलेखावर पहिल्या रेषेपासून दुसरीपर्यंत जवळपास दीड वर्ष जाते, दुसरीपासून तिसरीपर्यंत जेमतेम तीन महिने.