ती Ctrl+Z का दाबत नाही?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा जाहीर झालेला विषय आहे ‘नव्या फीचरच्या व्हिडिओची संहिता’. ती कशी लिहायची हे मी सांगणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्या गोष्टीत आहे. संहितेचे रकाने कसे आखायचे हे तुम्ही अर्ध्या तासात शिकाल. या गोष्टीत जे आहे ते शिकायला मला तीन खर्डे फाडावे लागले.

तुमच्यातल्या बहुतेकांनी असे व्हिडिओ केलेत किंवा करून घेतलेत. त्यात एक दृश्य हमखास असतं. बाई लॅपटॉपसमोर बसलेली, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, आणि मागून आवाज येतो: ‘तुमचाही डेटा असाच गोंधळलेला आहे का?’ माझी या दृश्याशी जुनी तक्रार आहे. बाईला नेमकं काय झालंय ते कळत नाही. तिचं डोकं दुखतंय एवढंच कळतं, आणि डोकेदुखीवर आपल्याकडे फीचर नाही. (हशा)

आमचं फीचर होतं स्प्रेडशीटमधलं. स्प्रेडशीटमध्ये अख्ख्या फाइलची जुनी आवृत्ती परत आणता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही फक्त एका कॉलमची जुनी स्थिती परत आणण्याची सोय केली होती. बाकीचं शीट आजचं राहील, तेवढा कॉलम मंगळवारचा होईल. सांगायला एक वाक्य पुरतं, पण बांधायला किती महिने लागतात ते इथल्या इंजिनिअर मंडळींना विचारा.

आता यासाठी गोष्ट हवी. मी पहिला खर्डा लिहिला तो असा. एका प्रशिक्षण वर्गाचं ऑफिस. शीटमध्ये विद्यार्थ्यांची नावं, फोन नंबर, वर्गाची वेळ. कोणीतरी फक्त फोनचा कॉलम निवडतं आणि सॉर्ट करतं. शेजारचे कॉलम जागच्या जागी राहतात. काही प्रोग्रॅम अशा वेळी विचारतात की शेजारचा डेटाही सोबत घेऊ का, पण घाईत माणूस काय वाचतो! नंबर चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक नावासमोर भलत्याचाच नंबर येऊन बसतो. बाई दचकते, आमचं बटण दाबते, सगळं पूर्ववत. मला खर्डा फार आवडला होता. कुठलंही नाटक नाही, खरी चूक, रोज होणारी.

तो मी टीमला वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या खुर्चीवर सपोर्टमधली एक सहकारी बसली होती. दिवसभर ग्राहकांचे फोन घेते, त्यामुळे तिला माना डोलवायची सवय नाही. तिने विचारलं, ‘ती Ctrl+Z का दाबत नाही?’

खोलीत एकदम शांतता. खरंच, का नाही दाबत? चूक आत्ता झाली, आत्ता दिसली, तर सॉर्ट मागे घेतलं की संपलं. म्हणजे माझी दीड मिनिटाची गोष्ट एका जुन्या शॉर्टकटची जाहिरात होती.

दुसऱ्या खर्ड्यात मी चूक मंगळवारी घडवली आणि ती उघडकीस आणली गुरुवारी. मधल्या काळात फाइल कितीदा बंद झाली, उघडली. Ctrl+Z चा मार्ग बंद. मी परत वाचलं. तिने परत विचारलं, ‘मग मंगळवारची आवृत्ती परत आणू दे की. ते बटण तर आपल्याकडे आधीपासून आहे.’ बरोबर. म्हणून मी दोन दिवसांत चाळीस नवे विद्यार्थी घातले. जुनी आवृत्ती आणली तर ते चाळीस जातात. आता तरी झालं असं मला वाटलं. ती म्हणाली, ‘आमच्याकडे लोक काय करतात सांगू? जुन्या आवृत्तीची वेगळी कॉपी काढतात, त्यातला फोनचा कॉलम उचलतात आणि आजच्या शीटमध्ये पेस्ट करतात. नवी नावं खाली असली तर चालून जातं.’

मंडळी, हा प्रश्न सोन्यासारखा होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मदतीच्या पानावरही सापडली असती. हे उत्तर फक्त फोन घेणाऱ्यालाच माहीत असतं. मी तिला विचारलं, चालून जात नाही ते कधी? ती म्हणाली, ओळी हलल्या की. कोणी मध्येच ओळ घातली, कोणी प्रवेश रद्द झालेल्याची ओळ उडवली, की पेस्ट केलेला कॉलम एका ओळीने घसरतो. वरचे वीस बरोबर, एकविसाव्यापासून पुढचे सगळे चूक. आणि वरचे वीस बरोबर असल्यामुळे तपासणाऱ्याला वाटतं, झालं काम.

मी तडक इंजिनिअरकडे गेलो. आपलं फीचर याचं काय करतं? तो म्हणाला, ‘आपण ओळीचा क्रमांक पाहतच नाही. प्रत्येक ओळीला आत एक कायमची ओळख आहे. ओळ वर गेली, खाली गेली, ती ओळख तिच्यासोबत जाते. तिच्यावरून आपण मंगळवारचा नंबर त्याच ओळीत ठेवतो. मंगळवारनंतर जन्मलेल्या ओळींना हातच लावत नाही.’ हे त्याने इतक्या सहज सांगितलं! तीन आठवडे मी ‘एका क्लिकमध्ये’ वगैरे लिहीत बसलो होतो, आणि सांगण्यासारखी गोष्ट ही होती.

तिसरा खर्डा तिथून लिहिला. आता त्या बाईकडे कुठलाच जुना रस्ता उरला नव्हता. सूत्र लावून नावांवरून नंबर जुळवणारा एखादा पट्टीचा माणूस निघेल. त्याला या व्हिडिओची गरज नाही, आणि एकाच नावाचे दोन विद्यार्थी निघाले की त्यालाही घाम फुटेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. समस्या फीचरच्या मापाची हवी. संहितेतून फीचर काढून टाका आणि त्या माणसाला आधीच्या साधनांनी सुटता येतंय का बघा. येत असेल, तर गोष्ट चुकली आहे. समस्या फार मोठी घेतली, ‘डेटाचा गोंधळ’ वगैरे, तरीही चुकली, कारण फीचर तिच्यातला एक कोपराच सोडवतं आणि बघणारा उरलेल्याची वाट बघत बसतो. 9 जानेवारी 2007 चं स्टीव्ह जॉब्ज यांचं आयफोनचं सादरीकरण पुन्हा बघा. ‘लोकांना एकमेकांशी नीट बोलता येत नाही’ अशी सुरुवात त्यांनी केली नाही. त्यांनी त्या वेळचे चार फोन दाखवले आणि बोट ठेवलं ते खालच्या भागावर: ही बटणं गरज असो नसो तिथेच राहतात, आणि फोन विकून झाल्यावर बदलता येत नाहीत. समस्या बटणांएवढी, आणि तिच्या मापाचं उत्तर पुढे तयार.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर सांगतो.

व्हिडिओ नव्वद सेकंदांचा. मी निवेदनाला सेकंदाला दोन शब्द धरतो, आणि जवळजवळ निम्मा वेळ निवेदनाशिवाय सोडतो. म्हणजे निवेदन शंभर शब्दांच्या आसपास. कागदाच्या डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘ऐकू येतं’. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिली गेली तर उजवीकडची खोडायची. पडद्यावर माउस बटणावर जाताना दिसतोय, तर ‘आता बटणावर क्लिक करा’ कशाला?

सुरुवात फोनने. यूट्यूबवरच्या अनेक जाहिराती पाच सेकंदांनी वगळता येतात, तेवढ्यात काहीतरी बिनसलेलं कळायला हवं. बाई फोन लावते, एक नाव घेते, पलीकडून: ‘नाही, मी ती नव्हे.’ दुसरा फोन, तेच. तिसरा, तेच. बारा सेकंद, निवेदन शून्य. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात म्हणून पलीकडची वाक्यं पडद्यावर लिहून. मग शीट अगदी जवळून: नावं प्रवेशाच्या क्रमाने, आणि शेजारी नंबर चढत्या क्रमाने, ओळीत उभे केल्यासारखे. खऱ्या यादीत फोन नंबर असे कधी लागत नाहीत. ते सांगू नका, तीन सेकंद नुसतं दिसू द्या. बघणाऱ्याने आपण होऊन ‘अरे, सॉर्ट!’ म्हटलं की तो तुमचा झाला.

त्यानंतरची वीस सेकंदं सपोर्टच्या प्रश्नांची. जुनी आवृत्ती उघडते, चाळीस नवी नावं गायब दिसतात, ती मागे फिरते. कॉलम पेस्ट करते, एकविसाव्या ओळीवर नंबर घसरलेला दिसतो. चाळिसाव्या सेकंदापर्यंत सगळे रस्ते बंद, आणि मगच फीचर: कॉलमच्या शीर्षकावर क्लिक, इतिहास, मंगळवार, दुपार. जुने नंबर फिकट रंगात दिसतात, ती ‘एवढाच कॉलम परत आणा’ दाबते. कॅमेरा लगेच खाली नवीन ओळींवर. त्या जशाच्या तशा आहेत हे दाखवणं, नंबर परत आले हे दाखवण्याइतकंच महत्त्वाचं.

एक मर्यादाही आम्ही ठेवली. मंगळवारनंतर कोणी जुन्या विद्यार्थ्याचा नंबर हाताने दुरुस्त केला असेल, तर कॉलम परत आणताना ती दुरुस्ती पुसली जाईल. प्रोग्रॅम अशा सेल वेगळ्या रंगात दाखवतो आणि विचारतो. मार्केटिंगला ते नको होतं. मी अडून बसलो, कारण ज्याची दुरुस्ती पुसली जाईल तो पहिला फोन सपोर्टलाच करेल. चार सेकंद लागली.

स्क्रीन रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी करा, बटणांची नावं शेवटच्या आठवड्यात बदलतात. तोवर कच्च्या आवाजावर आणि चित्रांवर लांबी ठरवा. यादीत खरा ग्राहक, खरा नंबर एकही नको. ब्राउझरचा झूम वाढवून रेकॉर्ड करा, मोबाइलवर सेल वाचता आले पाहिजेत. आणि परत आणायला सहा सेकंद लागत असतील तर मध्ये कापा, पण कापलंय हे कळू द्या.

दुसरी चिठ्ठी आली. शेवटचा शॉट सांगतो. मी तिथे कंपनीचं चिन्ह आणि घोषवाक्य लिहिलं होतं, ते सपोर्टच्या त्याच सहकारीने बदलायला लावलं. बाई पुन्हा फोन लावते, तेच पहिलं नाव घेते. पलीकडून ‘हो, बोलतेय.’ आणि पडदा काळा.