डेबिट की क्रेडिट? प्रश्न मधल्या रेषेचा आहे
(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर जिनिंगवाले आहेत, सराफ बाजारातले आहेत, रावेर-यावलकडून केळीचा व्यापार करणारेही आले आहेत. ऑप्शन म्हणजे काय, कॉल-पुट कशाला म्हणतात, हे इथे कोणाला सांगायची गरज नाही. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

स्प्रेडबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : विक्स, म्हणजे बाजाराने धरलेल्या हालचालीचा निर्देशांक, कमी असेल तर डेबिट स्प्रेड करा, विक्स जास्त असेल तर क्रेडिट स्प्रेड करा. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे जातात. आज मला तो उरलेला अर्धा भाग सांगायचा आहे.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. निफ्टी फ्युचर २४,००० वर आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. व्याज सोडून देऊ आणि सगळ्या स्ट्राइकची आयव्ही, म्हणजे भावात धरलेली व्होलॅटिलिटी, १२ टक्के समजू. सूत्राने २४,००० चा कॉल साधारण ३२९ रुपयांना येतो आणि २४,४०० चा कॉल १७० ला. पहिला घेतला, दुसरा विकला, तर खिशातून साधारण १६० गेले. हा झाला तेजीचा डेबिट स्प्रेड. स्ट्राइकमधलं अंतर ४००, म्हणून जास्तीत जास्त तोटा १६० आणि जास्तीत जास्त नफा २४०.

आता त्याच दोन स्ट्राइकचे पुट घ्या. २४,४०० चा पुट ५७० ला विकला, २४,००० चा पुट ३२९ ला घेतला. हातात साधारण २४० आले, म्हणजे हा क्रेडिट स्प्रेड. निफ्टी २४,४०० च्या वर बंद झाला तर २४० आपले, २४,००० च्या खाली गेला तर ४०० द्यायचे, म्हणजे निव्वळ तोटा १६०. ब्रेकइव्हन दोन्हीकडे २४,१६०. एकात पैसे आधी गेले, दुसऱ्यात आधी आले, पण एक्स्पायरीच्या दिवशी वहीत पडणारा आकडा एकच. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीआधी कोणी ते वापरू शकत नाही, त्यामुळे हे समीकरण मध्येच मोडतही नाही. स्ट्राइक सारखे असतील तर डेबिट आणि क्रेडिट हे एकाच सौद्याचे दोन चेहरे आहेत, आणि व्होलॅटिलिटी वाढली-घटली तर दोघांवर परिणामही सारखाच होतो.

मग व्होलॅटिलिटी बघायची कुठे? आयव्ही १२ वरून २४ करून पाहू. २४,००० चा एकटा कॉल ३२९ वरून ६५९ वर जातो, दुप्पट. पण आपला २४,०००-२४,४०० चा स्प्रेड १६० वरून फक्त १७६ वर जातो. घेतलेला कॉल महागला तसा विकलेलाही महागला, एकाने दुसऱ्याला खाल्लं. ॲट द मनीच्या आसपास स्प्रेड करणाऱ्याने विक्सची फार चिंता करायची गरज नाही. त्याचा खरा प्रश्न दिशेचा आहे.

परिणाम दिसतो तो स्प्रेड भावापासून दूर नेला की. २४,४००-२४,८०० चा कॉल डेबिट स्प्रेड १२ टक्क्यांवर ९३ ला मिळतो, २४ टक्क्यांवर १३९ ला. खाली पुटच्या बाजूला २३,६०० चा पुट विकून २३,२०० चा घेतला तर १२ टक्क्यांवर ९५ मिळतात, २४ टक्क्यांवर १४८. इथे फरक निम्म्याच्या आसपास जातो.

कारण समजून घ्या, कारण तेच आजचं मुख्य सूत्र आहे. तेजीच्या स्प्रेडला एक मधली रेषा असते, दोन स्ट्राइकच्या बरोबर मध्ये. बाजार त्या रेषेच्या खाली असेल तर तुम्हाला बाजार हलायला हवा आहे, म्हणून वाढती व्होलॅटिलिटी तुमच्या बाजूने. बाजार रेषेच्या वर असेल तर तुम्हाला तो आहे तिथेच थांबायला हवा आहे, म्हणून वाढती व्होलॅटिलिटी आणि उरलेला वेळ तुमच्या विरुद्ध. लोक डेबिट स्प्रेड बहुधा भावाच्या वर करतात आणि क्रेडिट स्प्रेड भावाच्या खाली, म्हणून ‘डेबिटला व्होलॅटिलिटी हवी, क्रेडिटला नको’ असा समज पक्का झाला. खरी गोष्ट रेषेची आहे. मंदीच्या स्प्रेडला हेच उलट लावायचं.

यातून एक गोष्ट निघते जी फार कमी जण बघतात. २४,४००-२४,८०० चा डेबिट स्प्रेड केला आणि निफ्टी २५,००० ला पोचला. अभिनंदन, पण आता तुमचा सौदा बदलला आहे. रेषा मागे राहिली. आता तुम्ही घेणारे नाही, थांबण्याची वाट बघणारे आहात. अजून आठवडा असेल तर ४०० पैकी बराच भाग आधीच भावात दिसत असतो आणि उरलेल्या थोड्यासाठी आधीचा सगळा नफा डावावर असतो. अशा वेळी सौदा नव्याने तपासा : आज कोरी पाटी असती तर हाच क्रेडिट स्प्रेड मी केला असता का?

आता ‘जास्त विक्स’ म्हणजे काय, याकडे येऊ. मे महिन्यात रावेर-मुक्ताईनगरकडे वादळ उठतं आणि उभ्या केळीच्या बागा झोपतात. ऐन त्या दिवसांत कोणी त्या बागेचा विमा विकायला बसला आणि दुप्पट हप्ता घेतला, तर तो फायद्यात आहे का? वादळाची शक्यता तिप्पट झाली असेल तर तो तोट्यात आहे. महाग प्रीमियम म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. आयव्ही २४ असताना मिळालेले १४८ रुपये, बाजार खरंच २४ च्या वेगाने हलला तर अगदी रास्त भाव आहे, त्यात विकणाऱ्याची कमाई काहीच नाही.

म्हणून विक्सची तुलना विक्सच्या कालच्या आकड्याशी नको, बाजाराच्या प्रत्यक्ष हालचालीशी करा. पद्धत सोपी आहे. वर्षात साधारण २५२ कामाचे दिवस, त्याचं वर्गमूळ जवळपास १६. विक्सला १६ ने भागा. २४ चा विक्स सांगतो की रोज साधारण दीड टक्का हालचाल धरली आहे. आता गेल्या वीसेक दिवसांतले रोजचे बदल काढा. बाजार रोज पाऊण टक्काच हलत असेल आणि पुढे मोठी घटनाही नसेल, तर विकणाऱ्याला जागा आहे. रोज पावणेदोन टक्के हलत असेल तर २४ चा विक्ससुद्धा स्वस्त आहे. उलट विक्स ११ असेल, म्हणजे रोजचा पाऊण टक्क्याहून कमी, आणि महिन्याभरात निकाल, अर्थसंकल्प काही येत असेल, तर दूरचा डेबिट स्प्रेड मला आवडतो : ९३ द्यायचे, ३०७ मिळवायची संधी. तोच स्प्रेड २४ वर १३९ द्यायचे आणि २६१ मिळवायचे असा होतो. एक काळजी घ्या, इंडिया विक्स साधारण पुढच्या ३० दिवसांचा असतो. तुम्ही या आठवड्याचा ऑप्शन घेत असाल तर ऑप्शन चेनमध्ये त्याची स्वतःची आयव्ही बघा, ती वेगळी असते. आणि निफ्टीत खालच्या पुटची आयव्ही बहुधा वरच्या कॉलपेक्षा जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्ष भाव माझ्या आकड्यांपासून थोडे हलतील.

जास्त व्होलॅटिलिटीत क्रेडिट स्प्रेडचा खरा फायदा मला जास्त रुपयांत दिसत नाही, अंतरात दिसतो. १२ टक्क्यांवर ४०० पॉइंट खाली विकून ९५ मिळत होते. २४ टक्क्यांवर ८०० पॉइंट खाली, म्हणजे २३,२०० चा पुट विकून २२,८०० चा घेतला, तर ११२ मिळतात. ब्रेकइव्हन २३,५०५ वरून २३,०८८ वर गेला. बरेच जण उलटं करतात : विक्स वाढला तरी स्ट्राइक तेच ठेवतात आणि वाढलेल्या क्रेडिटवर खूश होतात. वादळ वाढलं तर लांब उभं राहायचं, पैसे पूर्वीइतकेच घ्यायचे.

२०२४ च्या लोकसभा निकालाचा आठवडा यासाठी बघण्यासारखा आहे. २३ एप्रिलला विक्स १० च्या जवळ होता, ३ जूनला २० च्या वर. त्या दिवशी निफ्टी २३,२६४ वर बंद झाला. ४ जूनला तो २१,८८४ वर बंद झाला आणि विक्स २६ च्या वर गेला. ५ तारखेला विक्स १९ च्या आसपास उतरला, निफ्टी २२,६२० ला. ६ तारखेला साप्ताहिक एक्स्पायरी, बंद २२,८२१. समजा दोघे तेजीवाले होते. एकाने ३ तारखेला २३,५००-२३,९०० चा कॉल डेबिट घेतला, त्याचे सगळे पैसे गेले. दुसऱ्याने २२,५००-२२,१०० चा पुट क्रेडिट स्प्रेड विकला. बाजार तीन दिवसांत चारशेहून जास्त पॉइंट खाली येऊनही त्याला पूर्ण क्रेडिट मिळालं. पण मधल्या दिवशी निफ्टी त्याच्या दोन्ही स्ट्राइकच्या खाली होता. एक्स्पायरी ४ तारखेला असती तर त्याचाही पूर्ण तोटा झाला असता. तो टिकला याचं श्रेय खालच्या विकत घेतलेल्या पुटला आहे : तोटा बांधलेला होता, म्हणून त्याला घाबरून बाहेर पडावं लागलं नाही. नुसता पुट विकणाऱ्याची स्थिती त्या दुपारी वेगळी होती.

शेवटी व्यवहाराचं. स्ट्राइक ठरले, की कॉलने करायचं की पुटने, हे भावावर ठरवा. भावाच्या वरचा स्प्रेड असेल तर कॉल, खालचा असेल तर पुट, कारण आउट ऑफ द मनी ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातली फट कमी असते. आपल्या २४,४०० च्या पुटसारख्या इन द मनी ऑप्शनमध्ये फट रुंद, आणि दोन-चार रुपये आत-बाहेर दोन्ही वेळा जातात. क्रेडिट स्प्रेड करताना आधी विकत घ्यायचा पुट घ्या, मग दुसरा विका, म्हणजे मार्जिन हेजचं, कमी लागतं. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्या. आणि शेअरच्या ऑप्शनमध्ये हे करणार असाल तर एक्स्पायरीच्या आधीच दोन्ही पाय सोडा. तिथे निफ्टीसारखा रोखीने हिशेब होत नाही, शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. दोन स्ट्राइकच्या मध्ये भाव अडकला तर घेतलेला पुट शून्य होतो आणि विकलेल्या पुटचे शेअर पूर्ण पैसे मोजून उचलावे लागतात.