लग्नाच्या मदतीचा चेक कुणाच्या नावाने?

नमस्कार श्रोतेहो. लग्न ठरलं की नातेवाईक मदतीला येतात. ती रक्कम कुणाच्या खात्यात गेली, यावर तिचा कर ठरतो. हे बऱ्याच घरांत कळतं ते आयकर खात्याची नोटीस आल्यावर.

समजा, सांगलीतल्या एका घरात मुलीचं लग्न आहे. मामा पाच लाख देतो. वडिलांचा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, पोरीच्या लग्नाला तीन लाख पाठवतो." दोघांनीही पैसे वडिलांच्या खात्यात भरले.

मामाच्या पैशांची काळजी नाही. बायकोचा भाऊ कायद्याच्या यादीत 'नातेवाईक' आहे, त्यामुळे रक्कम कितीही असली तरी कर नाही. चुलतभाऊ मात्र त्या यादीत नाही. एकाच वाड्यात वाढले असतील, पण कायदा सख्खी भावंडं धरतो, चुलत-मावस धरत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांपेक्षा जास्त पैसे भेट मिळाले, की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नव्हे. म्हणजे तीन लाख वडिलांचं उत्पन्न ठरले.

लग्नानिमित्तच्या भेटीला सूट असते ना? असते, पण ज्याचं लग्न त्याला. हेच तीन लाख मुलीच्या खात्यात आले असते, तर एक रुपयाही कर नव्हता. तेव्हा चेक नवरीच्या नावाने मागा. त्यात संकोच कसला?

रोखीचं वेगळं. एकाच माणसाकडून एका प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. साखरपुड्याला दीड आणि हळदीला एक अशी वाटणी केली, तरी खात्याच्या लेखी लग्न एकच. दंड घेतलेल्या रकमेइतका, आणि तो घेणाऱ्याला. मामा असला तरी इथे सवलत नाही.

कागद थोडेच लागतात. साध्या कागदावर बक्षीसपत्र करा: देणाऱ्याचं नाव, पॅन, नातं, रक्कम, चेक किंवा व्यवहार क्रमांक, तारीख, आणि 'लग्नानिमित्त, परतफेडीची अपेक्षा न ठेवता' हे वाक्य. देणाऱ्याने सही करावी, घेणाऱ्याने 'स्वीकारले' म्हणून करावी. सोबत लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, आणि आहेराची वही. हो, तीच वही, मांडवात कुणीतरी काका मांडीवर घेऊन बसतात ती.

देणाऱ्याच्या पासबुकाची प्रतही घ्या. अधिकारी पाहतात ते हे, की पाच लाख देण्याची त्याची ऐपत होती का. चेक वटण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खात्यात तेवढीच रोख भरलेली दिसली, की प्रश्न सुरू होतात. तिथे बक्षीसपत्र एकटं पुरत नाही.

आणि मुलीने त्या पैशांची मुदत ठेव केली, तर भेट करमुक्त, पण ठेवीचं व्याज तिच्या उत्पन्नात दरवर्षी दाखवावं लागेल.