पुडी एक, पाणी किती?

नमस्कार श्रोतेहो. मी औषधाच्या दुकानात बसतो. बाळाला जुलाब होतात म्हणून जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी न्यायला आई येते. मी पुडीसोबत चिठ्ठी देतो: "एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. चोवीस तासांत संपवा, उरलेलं टाका." ती वाचते. मी विचारतो, "कळलं ना?" ती मान डोलावते. पाठीमागे चार गिऱ्हाइकं ताटकळत असताना "नाही कळलं" कोण म्हणणार?

म्हणून हल्ली मी चिठ्ठीची घडी घालून तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "ताई, मी नीट लिहिलंय का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काय काय कराल, तुमच्या शब्दांत सांगा." चिठ्ठी उघडी असली की माणूस तीच वाचून दाखवतो, त्यातून काहीच कळत नाही. आणि परीक्षा माझी आहे हे आधी सांगावं लागतं, नाहीतर माणूस बावरतो.

एका ताईंनी सांगितलं, "पेलाभर पाण्यात पुडी टाकीन, चमच्याचमच्यानं पाजीन." चमच्यानं पाजणं अगदी बरोबर. पण पेला साधारण दोनशे मिलिलिटरचा, म्हणजे पाणी पाचपट दाट झालं! इतक्या मिठानं बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं, आणि ते जुलाबाइतकंच जिवावर बेतू शकतं.

त्यांना वाचता येत होतं बरं का. मी विचारलं, "पेलाच का?" तर मागच्या वेळी त्यांनी छोटी पुडी नेली होती, दोनशे मिलिलिटरची. ती पेल्यातच करायची असते. म्हणजे चूक अडाणीपणातून नव्हे, आधीच्या बरोबर सवयीतून आली होती. "कळलं ना?" विचारून हे मला जन्मात कळलं नसतं.

मग सगळी चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली नाही, चुकलेलं तेवढंच सांगितलं: "ही मोठी पुडी. पाण्याची एक लिटरची बाटली असते ना, ती भरून मोजा." आणि पुन्हा विचारलं, "आता सांगा बघू." या वेळी त्या म्हणाल्या, "बाटलीभर पाणी पातेल्यात ओतीन, अख्खी पुडी टाकीन. पण दुपारी बाळ सासूबाईंकडे असतं." म्हणजे चिठ्ठी वाचणारी एक आणि पाणी करणारी दुसरी! त्यांना म्हटलं, घरी गेल्यावर सासूबाईंनाही हेच विचारा.

या पद्धतीनं सगळं सुटत नाही. बरोबर सांगणारा माणूस घरी विसरू शकतो. जुलाब थांबले की झिंकची गोळी बंद करणारे पुष्कळ, ती चौदा दिवस द्यायची हे तोंडपाठ असूनही.

पण पेल्याचं उत्तर आणखी दोघांकडून आलं, तेव्हा मी माणसं सोडून चिठ्ठीच दुरुस्त केली. आता तीवर असं लिहितो: "मोठी पुडी. एक लिटरची बाटली भरून पाणी मोजा. पेल्यात करू नका."