शिक्षा तर मुंगसाला मिळाली

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत 'शिक्षा' हा शब्द फार घोटाळे करतो. मुलं शाळेत हिंदी वाचतात. 'इस कहानी से क्या शिक्षा मिलती है' हा प्रश्न त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. मग घरी येऊन तीच मुलं मराठीत विचारतात, "आजी, या गोष्टीतून काय शिक्षा मिळते?" परवा माझ्या सातवीतल्या नातीनं अगदी असंच विचारलं. गोष्ट होती ब्राह्मणाच्या घरच्या मुंगसाची. मी म्हटलं, "शिक्षा ना? ती मुंगसाला मिळाली. तीही काही गुन्हा नसताना."

ती हसली, पण दप्तरातून एक कागद काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. त्यावर तीन रकाने आखलेले होते: टॉपिक, थीम आणि मॉरल. पहिल्यात तिनं लिहिलं होतं, 'विचार न करता काम करणे'. दुसऱ्यात, 'विचार न करता काम करू नये'. आणि तिसऱ्यात, 'नेहमी विचार करूनच काम करावे'. बाईंनी तिन्ही रकान्यांतून एकच लाल रेघ ओढून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं. पोरगी रडवेली झाली होती. तिचं म्हणणं, "आजी, तिन्ही एकच तर आहेत!"

एक नाहीत. मराठीत आपल्याकडे तिघांना तीन शब्द आहेत: विषय, आशयसूत्र आणि तात्पर्य. पण नुसते शब्द बदलून काम भागत नाही, म्हणून आम्ही दोघी गोष्टीकडेच परत गेलो. तुम्हीही एकदा ऐका, कारण पुढचं सगळं तिच्या बारीकसारीक तपशिलांवर उभं आहे.

पंचतंत्रात ही गोष्ट पाचव्या तंत्रात येते. त्या तंत्राचं नाव अपरीक्षितकारक, म्हणजे पारख न करता वागणारा. ब्राह्मणीला मुलगा होतो. त्याच दिवशी घरातली मुंगशीण एका पिल्लाला जन्म देऊन मरते. ब्राह्मणी त्या पोरक्या पिल्लाला आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजते, न्हाऊमाखू घालते. पण तिच्या मनात एक अढी असते. ही मुंगसाची जात, आपल्या बाळाला कधी इजा करील याचा नेम नाही, असं तिला वाटत राहतं. एक दिवस ती घडा घेऊन पाण्याला निघते आणि नवऱ्याला बजावते, "बाळाला मुंगसापासून सांभाळा." ती जाते आणि मागोमाग हा गृहस्थ घर उघडं टाकून भिक्षेला निघून जातो. बिळातून साप येतो. मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन, आनंदानं, आईला सामोरं धावतं. ती ते तोंड पाहते, यानं माझं लेकरू खाल्लं असं ठरवते आणि भरलेला घडा त्याच्यावर आदळते. आत जाऊन पाहते तर बाळ झोपलेलं आणि शेजारी सापाचे तुकडे.

आता पहिला रकाना. विषय म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे याचं एका-दोन शब्दांतलं उत्तर. नात पटकन म्हणाली, "मुंगूस!" नाही गं, मुंगूस हे पात्र झालं. विषय असा हवा की त्यावर आणखी शंभर गोष्टी निघू शकतील, जसा संशय, विश्वास किंवा घाईचा निर्णय. यातला कोणताही चालेल. विषयाला क्रियापद लागत नाही आणि तो काही मत मांडत नाही. 'संशय' एवढं म्हटल्यावर मी संशयाच्या बाजूची की विरुद्ध, हे तुम्हाला कळत नाही. कळूही नये. या रकान्यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

खरी खटपट दुसऱ्या रकान्यात आहे. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल ही गोष्ट काय म्हणते ते. इथे पूर्ण वाक्य लागतं आणि ते वाक्य जग कसं चालतं हे सांगतं, आपण कसं वागावं हे नाही. मी नातीला म्हटलं, 'विश्वास' हा विषय घे आणि एक वाक्य बनव. तिनं पहिलं वाक्य केलं, 'प्राणी माणसांपेक्षा चांगले असतात.' वाक्य पूर्ण आहे, पण ते गोष्टीवर ठेवून पाहिलं पाहिजे. मग सापाचं काय करायचं? तोही प्राणीच, आणि तो बाळाला डसायला आला होता. गोष्टीतली एक मोठी घटना ज्याच्या विरोधात जाते, ते आशयसूत्र गळतं. दुसरं वाक्य आलं, 'आईचं प्रेम आंधळं असतं.' हे जरा बरं, पण आई मुंगसावरही प्रेम करत होतीच की, त्यालाही तिनं अंगावर पाजलं होतं. म्हणजे घडा प्रेमानं नाही आदळला.

मग मी तिला विचारलं, "तोंडाला रक्त लागलेलं दिसलं तेव्हा आईला दुसरा काही अर्थ का सुचला नाही?" थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "कारण तिला आधीपासूनच वाटत होतं ना, हे बाळाला खाणार म्हणून." बस्स. तिथून वाक्य तयार झालं: मनात आधीच संशय असला की समोर दिसेल ती खूण त्या संशयाचाच पुरावा वाटते. हे वाक्य आम्ही गोष्टीवरून फिरवलं. आईची अढी त्यात बसली, नवऱ्याला बजावणं बसलं, रक्त बसलं, घडाही बसला. नवऱ्याचं भिक्षेला जाणं मात्र पुरतं बसलं नाही, त्याची गोष्ट आपण पुढे बघू. पण एक धागा बाहेर राहिला म्हणून आशयसूत्र टाकून द्यायचं नसतं. त्याच्या उलट जाणारं गोष्टीत काही नाही ना, एवढं पाहायचं.

आता तिसरा रकाना. तात्पर्य ऐकणाऱ्याला उद्देशून असतं आणि त्याला काय कर, काय करू नको हे सांगतं. मराठीत हे कानाला लगेच कळतं, कारण वाक्य 'करावे', 'करू नये' अशा क्रियापदावर संपतं. आशयसूत्र 'असते', 'होते', 'वाटते' यावर थांबतं. नातीच्या कागदावरचा दुसरा रकाना 'नये'वर संपला होता, तिथेच तो चुकला. पण या युक्तीवर आंधळा भरवसा ठेवू नका. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'अति घाई संकटात नेई' असं लिहिलेलं असतं. त्यात 'नये' नाही, तरी तो उपदेशच आहे. अशा वेळी दोन वाक्यांच्या मधे 'म्हणून' घालून पाहा. मनात संशय असला की कोणतीही खूण पुरावा वाटते, म्हणून पारख केल्याशिवाय काही करू नये. 'म्हणून'च्या आधी बसतं ते आशयसूत्र आणि नंतर येतं ते तात्पर्य.

यावर नातीनं मला पेचात टाकलं. "आजी, मग बाबांनी घर सोडून जाऊ नये, हेही तात्पर्यच ना?" मी हसणार होते, पण थांबले. कारण पंचतंत्रातली आई जवळजवळ हेच म्हणते! नवरा भिक्षा घेऊन परततो तेव्हा ती त्याच्यावर कडाडते की तू लोभापायी माझं ऐकलं नाहीस, आता भोग त्याचं फळ. तिच्या मते गोष्टीचं तात्पर्य आहे 'लोभ करू नये'. निवेदकाचं मत वेगळं, त्याचा श्लोक सांगतो 'अपरीक्ष्य न कर्तव्यम्', पारखल्याविना करू नये. एकाच गोष्टीत दोन तात्पर्यं, आणि एक तर खुद्द घडा टाकणाऱ्या बाईच्या तोंडी. दोष नवऱ्यावर ढकलण्यात तिचा काय फायदा आहे, हे सातवीतल्या मुलीलाही न सांगता कळलं.

याहून गंमत हितोपदेशात आहे. तिथे हीच गोष्ट कुठे घडते, ठाऊक आहे? उज्जयिनीत, म्हणजे आपल्या शेजारच्या उज्जैनला. तिथला ब्राह्मण माधव. बायको स्नानाला गेलेली असते आणि त्याला राजाकडून श्राद्धाचं बोलावणं येतं. उशीर केला तर दुसराच कोणी दान घेऊन जाईल, म्हणून तो बाळाला मुंगसाच्या भरवशावर सोडून जातो. परत येतो तेव्हा रक्ताळलेलं मुंगूस त्याच्या पायांवर लोळतं आणि तो त्याला मारून टाकतो. इथलं तात्पर्य रागावर आहे: खरं काय ते जाणून न घेता जो रागाच्या ताब्यात जातो, तो या ब्राह्मणासारखा पस्तावतो. राग का? कारण हितोपदेशात ही गोष्ट एक मंत्री आपल्या राजाला सांगतोय. मंत्री गिधाड, राजा मोर, आणि त्या घटकेला मोर भयंकर चिडलेला आहे. चिडलेल्या राजाला लोभाची गोष्ट सांगून काय उपयोग? तात्पर्य हे ऐकणाऱ्याच्या मापानं कापलेलं असतं. ऐकणारा बदलला की ते बदलतं.

आणि इथे आमचं आशयसूत्र अडचणीत आलं. माधवच्या मनात अढी नाहीच. त्यानं तर पोटच्या पोरासारखं पाळलेल्या मुंगसावर बाळ सोपवलं. म्हणजे 'आधीच संशय असला की' हे वाक्य पंचतंत्रातल्या आईला लागू पडतं, उज्जैनच्या माधवला नाही. त्याच्या गोष्टीचं आशयसूत्र वेगळं करावं लागेल: भीतीच्या एका क्षणापुढे वर्षांचा विश्वासही टिकत नाही. गोष्टीचं नाव तेच, पात्रं जवळपास तीच, विषयही 'विश्वास' हाच, पण एक वाक्य गाळलं की आशयसूत्र बदलतं.

म्हणून मी नातीला म्हटलं, तुझं पुस्तक आण, त्यात कोणती गोष्ट आहे ते पाहू. पुस्तकात दीड पानाची गोष्ट होती. आई होती, घडा होता, पाणी होतं, पण आईची अढी कुठेच नव्हती. मुलांसाठी सोपी करताना कोणीतरी तेवढी ओळ काढून टाकली होती. आमचं सगळ्यात चांगलं वाक्य पुराव्याविना लटकलं.

नातीनं पेन्सिल घेऊन दुसरा रकाना खोडला आणि लिहिलं, 'भीती वाटली की माणूस दिसेल ते खरं मानतो.' खाली कंसात ओळ क्रमांक टाकला, ज्या ओळीत आई रक्त बघते तिचा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि बाईंनी विचारलं की आई आत जाऊन बघत का नाही, तर?" मी म्हटलं, "तीच ओळ दाखव."

नमस्कार.