‘46,800 रुपये वाचवा’: जाहिरातीतील एका ओळीची तपासणी

मार्च उजाडला की म्युच्युअल फंडांच्या करबचत योजनांच्या, म्हणजेच ईएलएसएसच्या, जाहिरातींत 46,800 रुपये हा आकडा हमखास झळकतो. अशा जाहिरातीच्या कच्च्या मजकुराचा, मार्च 2024 साठी तयार केलेला, एक नमुना असा : ‘31 मार्चपूर्वी गुंतवा, 46,800 रुपये वाचवा.’ आकडा खोटा नाही. तरीही नियमपालन तपासणारा कंपनीचा कम्प्लायन्स विभाग ही ओळ अशीच पुढे जाऊ देणार नाही.

मार्च 2024 मध्ये आयकर कायद्याच्या कलम 80सीखाली दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत होती. तिच्यावरील 30 टक्के कर 45,000 रुपये आणि त्यावरील 4 टक्के उपकर 1,800 रुपये, असा हा आकडा तयार होतो. म्हणजे तो जुन्या करप्रणालीतील, 30 टक्के दराने कर भरणाऱ्या आणि 80सीची मर्यादा पूर्ण शिल्लक असलेल्या व्यक्तीपुरताच खरा आहे. शिवाय 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट मुळीच नाही.

समजा, जुनी प्रणाली निवडलेल्या एका नोकरदाराचे 80सीची वजावट घेण्यापूर्वीचे करपात्र उत्पन्न 8 लाख रुपये आहे आणि पगारातून वर्षाला 1 लाख रुपये भविष्यनिर्वाह निधीत जातात. ही रक्कमही 80सीतच मोजली जात असल्याने त्याच्या मर्यादेत 50,000 रुपयेच उरतात, त्याचा दर 20 टक्के आहे आणि उपकरासह त्याची जादा बचत होते 10,400 रुपये. त्याने जाहिरातीवर विसंबून दीड लाख गुंतवले, तर वरच्या एक लाखावर करसवलत नाही. तीन वर्षे पैसे अडकतात ते मात्र पूर्ण दीड लाख. म्हणून ‘वाचवा’च्या जागी ‘46,800 रुपयांपर्यंत करबचत शक्य’ असे येते आणि अटी तळाच्या बारीक टिपेत न ढकलता त्याच ओळीलगत, वाचता येतील अशा अक्षरांत दिल्या जातात. तीन वर्षांचा लॉक-इनही तिथेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

आता तारीख. 2024 मध्ये 29 मार्चला गुड फ्रायडे होता, 30 आणि 31 तारखेला शनिवार-रविवार, म्हणजे तिन्ही दिवस बाजाराला सुट्टी. युनिट्सना कोणत्या दिवसाचे मूल्य लागू होणार, हे पैसे योजनेच्या खात्यात वापरासाठी केव्हा उपलब्ध झाले यावर ठरते. त्यामुळे मजकुरात ‘28 मार्च, दुपारी 3 पूर्वी रक्कम जमा व्हावी’ असे लिहावे लागते. 31 मार्चचा उल्लेख त्या वर्षी ग्राहकाला सरळ चुकीच्या वाटेने नेणारा ठरला असता.

‘खात्रीशीर परतावा’ हे शब्द तर कच्च्या मसुद्यातही नकोत. बाजारजोखमीचा प्रमाणित इशारा बाजार नियामक सेबीच्या जाहिरात संहितेनुसार दृश्य आणि आवाज या दोन्हींतून स्पष्ट समजावा लागतो; त्यासाठी किमान 10 सेकंद धरले जातात. 20 सेकंदांच्या चित्रफितीत करबचतीची ओळ तिच्या अटींसह उरलेल्या 10 सेकंदांत बसवावी लागते आणि ती बसत नसेल, तर कापायचा तो आकडा, अटी नव्हेत.